त्यांची पट्टी, आपलं कापड

कॉलेजच्या परीक्षा विभागात माझं टेबल काकूंच्या शेजारी आहे. मी लेखा विभागाचा माणूस. पण आमच्या खोलीचं छत गळायला लागलं तेव्हा मला तात्पुरतं इथे आणून बसवलं. छत दुरुस्त झालं, तरी परत जा असं कुणी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. तात्पुरत्याला अकरा वर्षं होत आली. एवढ्या काळात शेजारच्या टेबलावरचा माणूस जितका कळतो, तितक्या काकू मला कळल्या असाव्यात.

काकूंना सगळे काकूच म्हणत. प्राचार्य त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे, तेही काकू म्हणत. बाई अंगाने किरकोळ, आवाज मात्र पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. गुणपत्रिका काढणं, दाखले तयार करणं, परदेशी जाणाऱ्या मुलांना अभ्यासक्रमाच्या प्रती शिक्का मारून देणं हे त्यांचं काम. या शेवटच्या कामातून त्यांना एक जोडकाम लागलं होतं, त्याचा पगार नव्हता. मुलं मोबाइलवर फोटो घेऊन यायची. आधी गेलेल्या कुणीतरी तिथल्या विद्यापीठात पहिल्या तासाला वाटलेल्या कागदाचा फोटो काढून पाठवलेला असायचा. वाकडा, अर्ध्यावर सावली, कोपऱ्यात अंगठा. त्यावर विषयाचं नाव, क्रेडिट, पूर्वअट, ग्रेड आणि बरंच काही. मुलं म्हणायची, "काकू, हे जरा सांगा ना."

काकू आधी फोटो मोठा करायच्या आणि तळाकडे जायच्या. "वरचं सगळेच वाचतात. हे लोक मेख तळाला मारतात," असं त्यांचं म्हणणं. मग सुरुवात व्हायची.

"हे बघ, क्रेडिट चार. कंसात तीन-दोन. म्हणजे आठवड्याला तीन तास व्याख्यान आणि दोन तास प्रयोगशाळा. व्याख्यानाच्या एका तासाला एक क्रेडिट, प्रयोगशाळेत दोन तास बसशील तेव्हा एक. आणि वर्गातल्या दर तासामागे घरी दोन तास धरायचे. असे बारा क्रेडिट घेतलेस तर आठवड्याचे छत्तीस तास अभ्यासातच गेले. नंतर हॉटेलात भांडी घासायला कधी जाणार ते मला सांग."

"काकू, मी लायब्ररीत नोकरी करणार आहे."

"तिथेही पुस्तकं रिकामी बसून लावत नाहीत."

मी वाणिज्य शाखेचा. मला क्रेडिट म्हटलं की जमेची बाजू आठवते. एकदा मी ते बोलून दाखवलं, तर काकू म्हणाल्या, "बरोबरच आहे तुमचं. फक्त इथे घाम नावे पडतो."

त्यांचं खरं लक्ष पूर्वअटीवर असायचं. आपल्याकडे एखादा विषय राहिला तरी मुलगा पुढच्या वर्गात जातो आणि तो विषय मागाहून काढतो. त्यामुळे पूर्वअट म्हणजे नुसती शिफारस, अशी मुलांची समजूत. काकू बोटाने हवेत पायऱ्या काढून सांगायच्या की अमुक विषयाशिवाय तमुक विषयाला नावच नोंदवता येत नाही. त्यातून तो विषय फक्त ऑगस्टात सुरू होणाऱ्या शरद सत्रात शिकवत असतील, पुढच्या वसंत सत्रात नाही, आणि तो हुकला, तर वर्षभर वाट बघावी लागते. आणि नुसतं पास होऊन भागत नाही. "बी किंवा वरचा" असं लिहिलं असेल तर सी मिळून विषय पदवीत मोजला जाईल कदाचित, पण पुढचं दार उघडणार नाही.

आणखी एक गोष्ट त्या न चुकता सांगायच्या. तळाला ग्रेडची पट्टी असते. त्र्याण्णवच्या वर ए, त्र्याऐंशी ते शहाऐंशी बी, साठच्या खाली एफ, म्हणजे नापास. ती पाहून मुलं आपली गुणपत्रिका काढायची आणि पांढरी पडायची. आमच्याकडे अठ्ठावन्न मिळवणारा मुलगा घरी ताठ मानेने जातो.

"त्यांची पट्टी आपल्या कापडाला लावू नकोस," काकू म्हणायच्या. "तिथल्या प्रश्नपत्रिका नव्वद मिळतील अशा काढतात. आपल्याकडे नव्वद दिले तर परीक्षकाची चौकशी होईल. तुझ्या गुणपत्रिकेच्या मागे आपली पट्टी छापलेली असते, ते लोक ती बघतात. आणि तुझा विषय त्यांच्या विषयाच्या तोडीचा आहे की नाही हे तुझा दोस्त ठरवत नाही, मीही ठरवत नाही. त्यांचा विभाग ठरवतो. त्यांना अभ्यासक्रम पाठव, मागची पट्टी पाठव आणि सरळ विचार."

हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन.

काकूंच्या घरचं सांगायला हवं. त्यांचे यजमान आमच्याच कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. माझी त्यांची बुद्धिबळाची बैठक असायची. तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताने उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डोळे तेवढे सगळं समजल्यासारखे फिरायचे. दिवसा एक बाई यायची. बाकी वेळ काकू आणि त्यांची लेक. लेक एका बँकेत लागली होती. लहान चण, पण खांदे बापाचे. सकाळी कामाला जाण्यापूर्वी आणि संध्याकाळी आल्यावर वडिलांना कुशीवर वळवणं, उठवून खुर्चीत बसवणं हे काम तिचं. काकूंना ते झेपत नसे. कमरेचा पट्टा बांधून त्या आमच्याकडे दिवसभर बसायच्या, हे फार जणांना माहीत नव्हतं.

या लेकीला परदेशात संख्याशास्त्राच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जागा मिळाली होती. शिष्यवृत्तीही होती. शुक्रवारपर्यंत होय किंवा नाही कळवायचं होतं. त्या आठवड्यातल्या बुधवारी ती जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे आली. डबे उघडलेले होते.

"आई, एक बघशील? तिथल्या एका मुलीने पाठवलंय. पहिल्याच सत्रात हा विषय घ्यावाच लागतो."

काकूंनी हात पुसले आणि फोन घेतला. मी मान वर केली, कारण यापुढे काय ऐकायचं ते मला ठाऊक होतं. फोटो तिरका होता. काकूंनी तो मोठा केला आणि तळाकडे गेल्या.

"चार क्रेडिट. तीन-दोन," त्या म्हणाल्या. "फक्त शरद सत्रात. याच्यावर वसंतातला एक विषय उभा आहे आणि त्याच्यावर पुढच्या शरदातला."

"ते कळलं मला. पूर्वअट बघ. संभाव्यताशास्त्र, बी किंवा वरचा ग्रेड. बी म्हणजे त्र्याऐंशी. मला त्या पेपरात अठ्ठावन्न आहेत." लेकीचा आवाज खाली आला. "साठच्या खाली एफ लिहिलंय, आई. म्हणजे त्यांच्या हिशेबी मी नापासच की. मग आधी खालच्या वर्गातला विषय करावा लागेल, तो पदवीत धरणार नाहीत, आणि हा पुढच्या शरदात. अडीच वर्षं होतील. अडीच वर्षं मी बाबांना सोडून राहू शकत नाही."

मी वाट बघत राहिलो. काकूंचा अंगठा फोनच्या काचेवर होता. त्यांनी फोटो वर सरकवला, पुन्हा खाली आणला.

"साठच्या खाली एफ आहे खरं," त्या म्हणाल्या.

एवढंच. खोटं त्यांनी काही सांगितलं नाही. कागदावर होतं तेच वाचलं.

 लेक हसली, पण ते हसू कामावरचं होतं, खिडकीवरच्या गिऱ्हाइकाला देतात तसलं. "बरं झालं तुला विचारलं. मी उगाच मनात मांडे खात होते." जाताना तिने आईच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण नीट लावलं.

ती गेल्यावर मी म्हणालो, "काकू, मागची पट्टी सांगायची राहिली."

"तुम्ही तुमचे ताळे जुळवा, भाऊ."

"त्या पेपरात त्या वर्षी पहिल्या आलेल्याला सदुसष्ट होते. तुम्हीच मला—"

"ठाऊक आहे मला किती होते." त्यांनी डबा बंद केला. अर्धा भरलेलाच होता. "तिला उचलता येतं, भाऊ. मला येत नाही. तुम्ही याल का रोज सकाळी सहाला?"

मी येणार नव्हतो. त्यांना ते माहीत होतं आणि मलाही. त्यामुळे ते बोलणं तिथेच थांबलं. दुपारभर त्या शिक्के मारत होत्या. शिक्क्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता, की मलाच तसा वाटला, सांगता येत नाही.

गुरुवारी सकाळी खिडकी उघडल्याबरोबर एक मुलगा आला, सोबत त्याचे वडील. वडील रंगारी असावेत, नखांच्या कडेला पांढरा रंग होता. मुलाच्या हातात फोन, फोनवर फोटो. वेगळं विद्यापीठ, वेगळा विषय, पण तळाची पट्टी तशीच.

"मॅडम, याला एकसष्ट आहेत," वडील म्हणाले. "तिथे म्हणे एकसष्ट म्हणजे डी. जाऊन उपयोग काय? मी म्हटलं, राहू दे बाबा, माझ्याबरोबर चल, ब्रश हलका असतो."

काकूंनी सवयीने फोटो मोठा केला. सवयीनेच बोलायला लागल्या. "त्यांची पट्टी आपल्या कापडाला लावू नका. तिथल्या प्रश्नपत्रिका नव्वद मिळतील अशा काढतात, आणि आपल्याकडे—"

आणि थांबल्या.

वडील म्हणाले, "आपल्याकडे काय, मॅडम?"

मी खुर्ची सरकवून खिडकीशी गेलो आणि उरलेलं मीच सांगितलं. मागची पट्टी, विभागाला पत्र, शिक्क्याची प्रत. मला ते अचूक आलं याचं मलाच नवल वाटलं. रंगाऱ्याने दोनदा मान हलवली आणि मुलाला म्हणाला, "ऐक. नाहीतर म्हणशील बापाने अडवलं."

ते जाईपर्यंत काकू उठून कपाटापाशी गेल्या होत्या. त्यांनी लेकीच्या वर्षाचा संभाव्यताशास्त्राचा अभ्यासक्रम काढला. प्रत केली, प्रत्येक पानावर शिक्का, सही. गुणपत्रिकेच्या मागच्या पट्टीची प्रत, तिच्यावरही शिक्का. त्या पट्टीत पन्नास ते साठ म्हणजे द्वितीय श्रेणी असं स्पष्ट छापलेलं होतं, बाजूच्या रकान्यात बी. मग लेकीला फोन लावला. "कॉलेजात ये. आत्ता. बाबा ठीक आहेत. तू ये."

लेक आली ती बँकेचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून. काकूंनी पाकीट पुढे केलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. फोटोतल्या त्या कागदावर "किंवा शिक्षकांची संमती" असं पूर्वअटीच्या ओळीतच लिहिलेलं होतं, तेही दाखवलं. "आज दुपारी पत्र पाठव. हे दोन्ही जोड. त्यांना विचार, हे तोडीचं धरता का. उत्तर यायचं असेल तर उद्या सकाळपर्यंत येईल. ते नाही म्हणाले तर नाही. पण तुझे अठ्ठावन्न म्हणजे एफ नव्हे."

लेकीने पानं उलटली. "हे काल तुला माहीत नव्हतं?"

"होतं."

"सगळ्यांना सांगतेस ना तू हे? पट्टी, कापड? मी लहानपणापासून ऐकतेय. मलाच आठवलं नाही बघ." ती बोलताना पानं सरळ करत होती. "मला वाटलं, माझ्या बाबतीत ते लागू नसेल. आई म्हणतेय म्हणजे नसेलच."

"बाबी, मी—"

"मी काल बँकेत साहेबांना सांगून आले, नाही जात म्हणून. त्यांनी पेढे मागवायचं रद्द केलं." ती हसली. "आता हे खरं, की कालचं? मी कुणाला विचारू ते सांग. भाऊकाकांना विचारू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आत्ताचं खरं आहे, पोरी."

"तुम्हीही काल होतात ना इथेच?"

काकूंनी टेबलाची कड धरली होती. आमचा शिपाई चहाचे पेले घेऊन दारात आला, आत एक नजर टाकली आणि पेल्यांसकट परत गेला.

"मला भीती वाटली," काकू म्हणाल्या. आवाज खिडकीपर्यंतही गेला नसता.

"तेच सांगायचं होतंस. भीती वाटते, जाऊ नको, म्हणायचं. मी राहिले असते." लेकीने पाकीट पिशवीत घातलं. "आता नाही राहता यायचं."

उत्तर शुक्रवारी पहाटे आलं. विभागाने विषय तोडीचा धरला. शिक्षकांनी एवढंच लिहिलं होतं की येण्यापूर्वी पहिली चार प्रकरणं पक्की करून या. हे मला काकूंनी सांगितलं, लेकीने त्यांना सांगितलं नव्हतं. ती वडिलांच्या पलंगाशी बसून त्यांना वाचून दाखवत होती, आणि काकू दाराबाहेर कपडे घड्या घालत होत्या.

ऑगस्टात ती गेली. मधले महिने घरात भांडण असं झालं नाही. औषधं, बिलं, दिवसाच्या बाईची सुट्टी, सगळं बोलणं व्हायचं. कागद मात्र तिने एकही आईला दाखवला नाही. विषयांची नोंदणी, राहण्याची जागा, विमा, सगळं तिने बाहेरच्या लोकांना विचारून केलं. त्यातल्या दोघांनी काकूंकडूनच शिकलेलं तिला सांगितलं. काकू मला म्हणाल्या, "निदान चुकीचं तरी कुणी सांगत नाहीये."

लेक गेल्यावर मी रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. सकाळी सहाला नव्हे, दहाला. दोघे मिळून यजमानांना वळवायचो. मी डोक्याकडे, काकू पायाकडे, खालची चादर धरून. इतर दिवशी काकू एकट्या चादर ओढायच्या. सप्टेंबरच्या अखेरीला यजमानांच्या डाव्या खुब्यावर जखम दिसली. आधी लाल चट्टा, मग कातडी गेली. डॉक्टर म्हणाले, दर दोन तासांनी वळवा. काकूंनी मान हलवली. त्या माणसाला कोण सांगणार की दोन तासांनी वळवायला दोन माणसं लागतात! लेकीला जखमेचं कळवायचं नाही असं काकूंनी ठरवलं. पूर्वी मी यावर काही बोललो असतो.

लेक रविवारी फोन करायची. वडिलांसाठी. काकू फोन घेऊन त्यांच्या डाव्या कानाशी धरायच्या, आणि ती बोलायची. त्यांना उत्तर देता येत नसे, पण तिचा आवाज आला की डोळे छताकडे स्थिर व्हायचे. फोनचा आवाज मोठा होता. काकूंना सगळं ऐकू यायचं, आणि ते लेकीला माहीत होतं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही त्यांना नुकतंच उजव्या कुशीवर केलं होतं, तेव्हा फोन आला. नेहमीची थंडीची, जेवणाची चौकशी झाली. मग ती थांबली.

"बाबा, तो चार क्रेडिटचा विषय आहे ना. पहिली परीक्षा फार वाईट गेली. वर्गात सगळ्यात खाली दोघं, त्यातली मी एक. हे तर सगळं येतं असं धरूनच शिकवतात. या शुक्रवारपर्यंत विषय सोडता येतो, मग ग्रेडऐवजी डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची खूण, लागतो. सोडू की नको कळत नाही. एकूण तेरा क्रेडिट आहेत माझे. रात्रीची झोप गेलीय, बाबा. इथे कुणाला विचारलं की म्हणतात, सल्लागाराशी बोल. त्यांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळते."

ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. काकूंनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

मग त्या फोनकडे न वाकता, होत्या तिथूनच बोलल्या, जणू यजमानांनाच सांगत होत्या.

"डब्ल्यूने सरासरी पडत नाही. कागदावर दिसतो फक्त. तेरातून चार गेले, नऊ उरले. पदव्युत्तरला बहुतेक ठिकाणी नऊ म्हणजे पूर्णवेळ, पण व्हिसा आणि शिष्यवृत्ती त्याच्यावर आहे, म्हणून सोडण्याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन लेखी विचारायचं. धरून ठेवलास आणि बीच्या खाली आलीस, तर पुढच्या विषयाचं दार तसंही बंद, वर सरासरीही जाईल. सोडलास तर हा पुन्हा पुढच्या शरदात. त्याच्यावरचा त्यापुढच्या वसंतात, शेवटचा त्यानंतरच्या शरदात." इथे त्या थांबल्या. त्यांनी नवऱ्याच्या खुब्याकडे पाहिलं, जिथे पट्टी बांधली होती. "म्हणजे दोन वर्षांऐवजी अडीच. तरी सोड."

 पडद्यावर सेकंद पुढे जात होते.

"बाबा," ती म्हणाली. "आईला सांगा, कळलं."

फोन बंद झाला. काकूंनी तो उशीजवळ ठेवला, वाकल्या आणि यजमानांच्या कानाशी म्हणाल्या, "कळलं म्हणतेय." त्यांनी डोळे मिटले. मग काकूंनी कमरेचा पट्टा घट्ट केला आणि मला म्हणाल्या, "चादर जरा वर घ्या, भाऊ, खाली सुरकुती राहिलीय." मी डोक्याकडे गेलो.